लोखंडी कूलरची वायरिंग: पंप, पंखा, स्विच आणि करंट लागू नये म्हणून काय करायचं

मी लग्न होऊन नागपूरला आले तेव्हा कूलर ही गोष्ट मला नवीनच होती, आमच्याकडे साताऱ्याला पंख्यावर भागायचं. इथे मार्च संपत आला की गल्लीत सगळीकडे ताट्या बदलणं, टाकीला आतून डांबर नाहीतर पेंट मारणं, खिडकीबाहेर स्टँड लावणं सुरू होतं आणि मग नवतपा संपेपर्यंत त्याच्याशिवाय जगता येत नाही. दुसऱ्याच उन्हाळ्यात सासूबाई सकाळी नळ आल्यावर कूलरमध्ये पाइप लावायला गेल्या, फरशी ओली, पाय अनवाणी, आणि टाकीच्या कडेला हात लागल्याबरोबर झटका बसला. त्या मागे पडल्या म्हणून हात सुटला. कूलर तेव्हा चालू होता.

त्यानंतर मी शेजारच्या लायसन्सवाल्या वायरमन भाऊंसोबत बसून आमच्या कूलरची वायरिंग पूर्ण उपटली आणि नव्याने केली. त्यात जे कळलं ते नवीन लोकांसाठी लिहितेय. हे सगळं खिडकीत लावायच्या लोखंडी कूलरबद्दल आहे, १८ इंची पंखा आणि टाकीतला छोटा पंप असलेल्या. प्लास्टिक बॉडीच्या कूलरचं एका ठिकाणी वेगळं सांगितलंय.

एक गोष्ट आधीच सांगते. कूलरच्या आतलं काम नीट समजून घेतलं तर घरी करता येतं, पण भिंतीतल्या बोर्डाचं आणि अर्थिंगचं काम लायसन्सवाल्या वायरमनकडूनच करून घ्या. मी तेच केलं.

१. आधी समजून घ्या की शॉक लागतो कशामुळे

आमच्या कूलरला दोन पिनचा टॉप होता, म्हणजे अर्थिंगचा प्रश्नच नाही. पंप चार वर्षं जुना. आदल्या वर्षी शॉक लागल्यासारखं वाटलं म्हणून एकाला दाखवला होता, त्याने सुका पंप मल्टिमीटरच्या बीपवर लावला, बीप वाजली नाही, "चांगला आहे" म्हणून परत दिला. चूक तिथेच झाली. बीप फक्त जवळपास थेट शॉर्ट असेल तेव्हाच वाजते. वाइंडिंगचं इन्सुलेशन ओलं झाल्यावर झिरपायला लागतं ते बीपला कळत नाही.

वायरमन भाऊंनी तोच पंप तासभर पाण्यात ठेवला आणि मग ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने, मोजला. रीडिंग आलं ४० किलोओहम. निदान १ मेगओहम तरी यायला पाहिजे, म्हणजे पंचवीसपट कमी. २३० व्होल्टला ४० हजार ओहमने भागलं तर जवळजवळ ६ मिलिअँपिअर होतात, तेवढा करंट पाण्यातून आणि टाकीतून जायला तयार बसलेला होता. ६ मिलिअँपिअरला हात चांगलाच झटकतो. इन्सुलेशन अजून थोडं गेलं असतं तर करंट २०-३० च्या घरात गेला असता, आणि मग हाताचे स्नायू आखडतात, पकडलेली वस्तू सोडता येत नाही.

आता एमसीबी का पडला नाही, हे मी पण तेव्हा विचारलं. एमसीबी ६ अँपिअरचा, म्हणजे ६००० मिलिअँपिअर. माणसाच्या अंगातून १०० मिलिअँपिअर गेला तरी जीव जातो, आणि एमसीबीला त्यातलं काहीच कळत नाही कारण त्याचं काम वायर जळू न देणं एवढंच आहे. माणसासाठी दोन वेगळ्या गोष्टी लागतात: अर्थिंग, जी टाकीला करंटवर चढू देत नाही, आणि आरसीसीबी, जी करंट बाहेर गळला की सप्लाय तोडते. दोन्ही लागतात, एकावर भागत नाही.

२. सामान

- तीन कोरची गोल फ्लेक्सिबल तांब्याची केबल, १ स्क्वेअर एमएम, अखंड. पंख्याला एक, पंपाला एक. बोर्डापासून कूलरपर्यंत मोजून वर दीड मीटर जास्त घ्या
- तीन पिनचे दोन टॉप, ६ अँपिअर
- दुहेरी पोलची आरसीसीबी, २५ अँपिअर, ३० मिलिअँपिअर
- ६ अँपिअरचा सी टाइप एमसीबी आणि एक डीपी स्विच
- बंद झाकणाचा प्लास्टिकचा जंक्शन बॉक्स, केबल ग्लँडसकट
- कनेक्टर पट्टी, केबल जाते तिथे लावायला रबरी ग्रोमेट, अर्थसाठी गोल थिंबल, नटबोल्ट, दात असलेले वायसर
- स्टेनलेस स्टीलची पट्टी, वीतभर

आरसीसीबी घेताना आकडा वाचूनच घ्या. दुकानात १०० आणि ३०० मिलिअँपिअरची पण मिळते, ती आग लागू नये म्हणून असते, माणसाला त्याचा उपयोग नाही. आणि २५ अँपिअर लिहिलंय म्हणून ती ओव्हरलोडला पडेल असं समजू नका, तो आकडा फक्त ती किती करंट वाहू शकते त्याचा आहे, ओव्हरलोडसाठी एमसीबी वेगळा लागतोच. दोन्ही एकातच पाहिजे असेल तर आरसीबीओ मागा.

लोडचा हिशोब सोपा आहे. आमच्या पंख्यावर १८० वॅट लिहिलेलं, पंपावर २० वॅट, मिळून २००. २३० ने भागलं की ०.८७ अँपिअर, मोटर आहे म्हणून सव्वा अँपिअर धरा. पंखा सुरू होताना क्षणभर याच्या काही पट करंट ओढतो पण सी टाइप तेवढं सहन करतो. म्हणजे ६ अँपिअर भरपूर झाला, १६ चा लावायची गरज नाही.

३. अर्थिंग खरंच आहे का ते बघा

सॉकेटला वरचं मोठं भोक आहे म्हणजे अर्थिंग आहे असं नसतं, हा सगळ्यात मोठा सापळा. आमच्या सॉकेटच्या मागे वरच्या पिनला वायरच जोडलेली नव्हती. जुन्या घरात आणि भाड्याच्या खोलीत हे खूप दिसतं.

मल्टिमीटरने फेज ते अर्थ २३० दाखवलं की लोक खूश होतात, पण मल्टिमीटर इतका कमी करंट ओढतो की खराब अर्थिंगवरही तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. खरी परीक्षा लोड लावून होते. वायरमन भाऊंनी आरसीसीबी बसवायच्या आधी १०० वॅटचा बल्ब फेज आणि अर्थच्या मधे लावून बघितला, बल्ब पिवळा मिणमिणला. चांगल्या अर्थिंगवर तो न्यूट्रलवर पेटतो तितकाच पेटायला पाहिजे. हे घरी करू नका, कारण अर्थिंग तुटलेली असेल तर त्या वेळी घरातल्या फ्रिज, गिझर सगळ्यांच्या बॉडीवर करंट येतो. त्यांनी आधी सगळ्यांना लांब उभं केलं होतं.

खराब अर्थिंगने काय होतं ते आकड्यात बघा. अर्थिंगचा रेझिस्टन्स ५ ओहम असेल आणि फेज टाकीला टेकला तर ४६ अँपिअर वाहतात, एमसीबी पडतो. तोच ५० ओहम असेल तर फक्त ४.६ अँपिअर, ६ चा एमसीबी जागेवरून हलत नाही आणि टाकी जवळपास २३० व्होल्टवर तशीच राहते. नागपूरच्या उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकत नाही कोणी, म्हणजे कूलर लागतो नेमका तेव्हाच अर्थिंग सगळ्यात कमजोर असते. आमच्या खड्ड्यात पाणी सोडलं आणि वरचा गंजलेला जोड बदलला, तेव्हा बल्ब नीट पेटला.

आणि हे कधीच करू नका: अर्थिंग नाही म्हणून टॉपमध्ये अर्थची पिन न्यूट्रलला जोडणं. बाहेर कुठे न्यूट्रल तुटला की कूलरची पूर्ण बॉडी पंख्यातून येणाऱ्या फेजवर चढते, स्विच चालू आणि पंखा बंद, लोक हात लावून बघायला जातात. नळाच्या पाइपला अर्थ बांधणं पण नको, आता पाइप प्लास्टिकचे असतात.

४. भिंतीवरचा बोर्ड

बोर्ड खोलीच्या आत, टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर आणि कूलरच्या तोंडापासून बाजूला. क्रम असा: आधी एमसीबी, मग आरसीसीबी, मग डीपी स्विच, त्याच्यापुढे दोन सॉकेट आपापल्या स्विचसकट, एक पंख्याचं एक पंपाचं.

डीपी स्विच कशाला, तर तो फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतो. साधा स्विच एकच वायर तोडतो आणि ती फेजच असेल याची खात्री नसते, आमच्या जुन्या बोर्डात स्विच न्यूट्रलवर निघाला. तेव्हा कूलर "बंद" असायचा आणि पंपावर फेज तसाच. दोन पिनच्या टॉपचंही तेच, उलटा लावला की फेज-न्यूट्रल अदलाबदल होते. तीन पिनचा टॉप उलटा बसतच नाही, पण सॉकेटच्या मागे वायर उलट्या असतील तर टॉपचा काय उपयोग, म्हणून सॉकेट तपासून घ्या: वरचं मोठं भोक अर्थ, समोरून बघितलं की उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल.

आरसीसीबीत एक गडबड नेहमी होते. ती जाणारा करंट आणि परत येणारा करंट यांची तुलना करते, म्हणून कूलरचा न्यूट्रल त्याच आरसीसीबीतून परत यायला पाहिजे. वायरमनने सोयीसाठी दुसऱ्या लाइनचा न्यूट्रल घेतला की पंखा लावला रे लावला ती पडते, आणि मग लोक "हिच्यामुळे त्रास होऊन राहिला" म्हणून तिला बायपास करतात. पडत असेल तर कारण शोधा, बायपास करू नका.

५. कूलरच्या आतलं कनेक्शन

दोन्ही टॉप काढून, कूलर पूर्ण सुका असताना.

आधी अर्थ. बॉडीवर पंख्याच्या जवळ, पाणी उडत नाही अशा जागी एक भोक पाडा, भोवतीचा पेंट पॉलिश पेपरने घासून चकाकतं लोखंड दिसू द्या, तिथे थिंबल, दातांचा वायसर आणि नटबोल्ट आवळून घट्ट करा. पेंटवर थिंबल ठेवून आवळलं तर वरून छान दिसतं पण करंट जात नाही. दोन्ही केबलच्या हिरव्या वायर याच बोल्टवर, पंख्याच्या मोटरच्या बॉडीची पण. बाहेर लोखंडी स्टँड असेल तर त्यालाही एक वायर. अर्थ ताणून ठेवू नका, थोडी सैल सोडा, म्हणजे कोणी केबल ओढली तर फेज आधी सुटेल आणि अर्थ शेवटी.

मग टाकीतलं पाणी. इथे नागपूरची एक खास अडचण आहे जी मला कोणी सांगितली नव्हती. गंज लागू नये म्हणून आपण टाकीला आतून डांबर लावतो, म्हणजे पाणी आणि लोखंड यांच्या मधे इन्सुलेशन आलं. पंप गळला तर करंट पाण्यात तसाच बसून राहतो, अर्थिंगकडे जायला रस्ता नसतो, मग आरसीसीबी का पडेल? आणि कोणी पाण्यात हात घातला की रस्ता तयार होतो, त्या माणसातून. म्हणून स्टेनलेसची पट्टी टाकीच्या कडेवरून आत बुडेल अशी सोडा, पंपाच्या बाजूला, आणि तिचं वरचं टोक हिरव्या वायरने अर्थ बोल्टला जोडा. पाणी कमी झालं तरी बुडालेली राहील इतकी खाली जायला पाहिजे. प्लास्टिक टाकीच्या कूलरमध्ये तर पाणी पूर्णच तोडलेलं असतं, तिथे ही पट्टी अजून महत्त्वाची, तिची अर्थ पंपाच्या केबलमधल्या हिरव्या वायरला जोडा.

पंप. पंपासोबत आलेली वायर आखूड असते म्हणून लोक टाकीच्या आतच टेप गुंडाळून जोड मारतात. ताट्यांवरून थेंब त्याच टेपवर पडतात, आठवड्यात टेप सुटते. आतमध्ये एकही जोड नको. पंपाची वायर कूलरच्या वरच्या कोपऱ्यातल्या जंक्शन बॉक्सपर्यंत न्या, बॉक्स ताट्यांच्या थेंबांच्या बाहेर, केबल बॉक्समध्ये खालूनच शिरली पाहिजे आणि ग्लँड घट्ट. वरून शिरली तर पाणी केबलवरून उतरून सरळ आत जातं. आत कनेक्टर पट्टीवर फेज, न्यूट्रल, अर्थ जोडा. तीन वायरचा पंप मिळाला तर तोच घ्या. पंप उचलताना वायर धरून उचलू नका, वायर पंपात शिरते तिथलं सील त्यानेच उघडतं. त्याला दोरी बांधा.

पंखा. तुमच्या मोटरवर तीन स्पीड असतील तर फेज रोटरी स्विचमधून जातो आणि स्पीडच्या वायर मोटरच्या झाकणावरच्या चित्राप्रमाणे लागतात. प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे, अंदाजाने लावाल तर वाइंडिंग जळेल. आमचा एकाच स्पीडचा होता, त्यामुळे फेज आणि न्यूट्रल एवढंच. कॅपॅसिटर मोटरजवळ उघडा लटकत होता तो बॉक्समध्ये टाकला. बदलायचा असेल तर त्यावर जितके मायक्रोफॅरड लिहिलंय तितकाच आणा, आणि टॉप काढल्यावर सुद्धा त्याची टोकं हाताने धरू नका, इन्सुलेशन असलेल्या स्क्रू ड्रायव्हरने दोन टोकं टेकवून आधी डिस्चार्ज करा.

लोखंडाच्या पत्र्यातून केबल जाते तिथे ग्रोमेट नक्की टाका, पंख्याच्या थरथरीने पत्र्याची धार दोन महिन्यांत केबल कापते. आणि खोलीकडे येताना केबल सरळ ताणू नका, सॉकेटच्या पातळीच्या खाली वीतभर पोट सोडा, मग वर सॉकेटकडे न्या. केबलवरून आलेलं पाणी त्या पोटावरून खाली ठिबकतं, सॉकेटमध्ये जात नाही.

६. चालू करायच्या आधीची तपासणी

सुकं असतानाच मल्टिमीटर: टॉपच्या मोठ्या पिनपासून कूलरच्या बॉडीपर्यंत, मोटरपर्यंत, पट्टीपर्यंत रेझिस्टन्स १ ओहमच्या आत यायला पाहिजे. जास्त आला तर पेंट नीट घासला गेला नाही. मग टाकी भरून, टॉप बाहेरच ठेवून, वायरमनकडून मेगर करून घ्या, पंप तासभर बुडालेला असताना. आमच्या नव्या पंपाचं रीडिंग २० मेगओहमच्या वर आलं.

आता सप्लाय द्या आणि सगळ्यात आधी आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा. ताबडतोब पडली पाहिजे. नाही पडली तर कूलर लावू नका. हे बटण फक्त आरसीसीबी जिवंत आहे का ते सांगतं, अर्थिंगबद्दल काहीच सांगत नाही, हे लक्षात ठेवा. मग आधी पंखा, पाच मिनिटांनी पंप. पंप लावल्यावरच आरसीसीबी पडत असेल तर पंप किंवा त्याचा जोड, पंख्यावरच पडत असेल तर मोटरमध्ये ओल. दोन सॉकेट वेगळी ठेवल्याचा हाच फायदा, दोष कुठे आहे ते अर्ध्या मिनिटात कळतं.

टेस्टर बॉडीला लावून पेटला नाही म्हणून सेफ आहे असं मानू नका. तुम्ही कोरड्या चपलेवर लाकडी स्टुलावर उभे असाल तर तो पेटत नाही, पण अनवाणी माणूस ओल्या फरशीवर असतो.

७. रोज पाणी भरताना

आमच्या घरी आता क्रम ठरलेला आहे: डीपी बंद, दोन्ही टॉप बाहेर, चपला पायात, मग पाइप. पाणी भरून झालं, हात पुसले, फरशी पुसली, मग टॉप. सासूबाई स्वतः हे सगळ्यांना सांगतात, शेजारच्या काकूंनाही त्यांनी टॉप काढायला लावलंय. कोणाला शॉक लागलेला दिसला तर हात धरून ओढायचं नाही, आधी बोर्डावरून सप्लाय तोडायचा, बोर्ड लांब असेल तर सुक्या लाकडी काठीने ढकलायचं.

टाकीत पाणी संपलं आणि पंप सुका चालला तर तो तापतो, आतलं सील जातं, आणि पुढच्या वेळी पाणी भरलं की तोच पंप गळायला लागतो. म्हणून पाणी संपत आलं की पंपाचा टॉप काढून नुसता पंखा चालवा.

टेस्ट बटण महिन्यातून एकदा. जूनमध्ये पाऊस लागला की पंप काढून क्षाराचा थर धुऊन, सावलीत सुकवून, कपड्यात गुंडाळून ठेवतो, टाकीत सोडत नाही. मार्चमध्ये तो परत बसवताना मेगर आधी आणि ताट्या नंतर, कारण ताट्या लावल्यावर पंप काढायचा म्हणजे सगळं परत उघडावं लागतं.